बावीस मजल्यांचा बायोडेटा

साइट इंजिनिअरच्या जागेसाठी आलेले बायोडेटा वाचले, की महाराष्ट्रातल्या इमारती कुणी बांधल्या हा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक उमेदवाराने त्या एकट्याने बांधल्या आहेत. २२ मजली, तीन विंगचा, ३०० कोटींचा एकच गृहप्रकल्प पाच जणांनी पाच अर्जांत सारख्याच शब्दांत उभा केलेला असतो. बिल्डर, आर.सी.सी. कन्सल्टंट, सेंटरिंगचा ठेकेदार आणि त्याचे फिटर त्या काळात बहुधा चहा प्यायला गेलेले असावेत. लग्नात अक्षता टाकून आलेल्याने लग्न आपणच लावले म्हणावे, तसे हे. अर्जात इमारतीची उंची येते, उमेदवाराची येत नाही. आणि निवड करणारेही टेप इमारतीलाच लावून बघतात.

आता हे ३०० कोटी जरा सोलून पाहू. त्यातला उमेदवाराच्या वाट्याचा भाग म्हणजे समजा एका विंगचा एक स्लॅब, १२० घनमीटर काँक्रीट. आयएस ४५६ प्रमाणे ५० घनमीटरपर्यंत चार नमुने आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक. म्हणजे सहा नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, एकूण १८. सात दिवसांनी दाबून पाहायचे असतील तर ते क्यूब वेगळे भरायचे. स्लॅबवर रात्र काढलेल्या मुलाला हा हिशेब कागदाशिवाय येतो. ‘ते क्वालिटीवाले बघतात’ असे उत्तर आले, तर तेही खोटे नसते. मोठ्या साइटवर खरोखरच क्यूब एकाकडे, लाइनआउट दुसऱ्याकडे आणि बिल तिसऱ्याकडे असते. पंचाईत इथेच आहे. साइट जितकी मोठी, तितका एकाच्या वाट्याचा तुकडा लहान; अर्जावर मात्र उलटेच छापले जाते. त्यातून काम अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कचे, म्हणजे माइव्हानचे असेल, तर ठरावीक मजला उमेदवाराने २२ वेळा केलेला असतो. भिंती स्लॅबबरोबरच ओतल्या जातात, त्यामुळे वीटकामाची ओळ धरण्याशी त्याचा संबंध आलेला नसतो. तालुक्याच्या गावी दोन मजली दवाखाना आणि त्याची पाण्याची टाकी पायापासून गिलाव्यापर्यंत एकट्याने सांभाळणारा मुलगा मात्र ‘स्मॉल प्रोजेक्ट’ म्हणून पहिल्याच चाळणीत गळतो.

यावर कुणी म्हणेल, की मोठ्या साइटची शिस्त छोट्या साइटवर मिळत नाही. बरोबर आहे. काँक्रीट पंप, टॉवर क्रेन आणि चार ठेकेदार एकाच दिवशी जुळवणे हे दवाखान्यावर शिकता येत नाही, आणि उंच इमारतीची जागा भरताना तेच पाहिले पाहिजे. पण मग ‘तीन ठेकेदारांचे काम जुळवले, त्यांची आर.ए. बिले तपासली’ असे लिहा की! कोटींचा आकडा मालकाच्या बायोडेट्यात शोभतो.

सॉफ्टवेअरच्या रकान्यात तर ऑटोकॅड, स्टॅड प्रो, ईटॅब्स, रेव्हिट, प्रायमाव्हेरा अशी वरात निघते. यातली स्टॅड आणि ईटॅब्स डिझाइन करणाऱ्याची हत्यारे. साइटवर त्यांच्या जोरावर कुणी एक सळई हलवली, तर कन्सल्टंट त्याला हलवेल. दोष एकट्या उमेदवाराचा नाही, जाहिरातीतच ती नावे मागितलेली असतात. ऑटोकॅड मात्र खरेच लागते, मापे काढायला आणि अ‍ॅज-बिल्ट नकाशा करायला. पण खरी परीक्षा कागदावरची आहे. बांधकामासाठी आलेल्या नकाशाचा सुधारित नंबर आर-३ असताना फिटरच्या हातात आर-२ असेल, तर तुळईतली सळई कमी पडते आणि काँक्रीट पडल्यावर ती कुणाला दिसत नाही. जुनी प्रत परत घेऊन तिच्यावर ‘रद्द’ लिहिणे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत, म्हणून त्याचे प्रमाणपत्रही नाही.

सुरक्षिततेच्या ओळीला तर गणितही लागू पडत नाही. ‘१० लाख सुरक्षित मनुष्य-तास’ असे एक वर्षाच्या अनुभवावर लिहिलेले असते. ४० मजूर, दहा तास, ३०० दिवस धरले तरी १ लाख २० हजार होतात. उरलेले तास कुणी भरले? ‘शून्य अपघात’ ही त्याची धाकटी बहीण. जिथे एकही अपघात नाही आणि थोडक्यात टळलेल्या घटनेचीही नोंद नाही, तिथे सुरक्षितता असते किंवा वही कोरी असते; दुसरीच शक्यता जास्त. त्याऐवजी उमेदवाराला विचारावे, काम कधी थांबवलेस? लिफ्टच्या डक्टला कठडा नाही म्हणून, किंवा साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू चौदा दिवसांआधीच निघू लागले म्हणून. नव्या मुलाला ठेकेदार ऐकत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण त्याने वरच्यांना लेखी कळवले होते का, एवढे तर विचारता येते.

तेव्हा जाहिरात देणाऱ्यांनी पुढच्या वेळी प्रकल्पाची किंमत विचारणारा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी उमेदवाराने स्वतः सही केलेल्या एका पोअर कार्डाची प्रत मागावी.