सही करण्याआधी नोंदवही उघडा

“तूच लिहून आण, मी सही करतो.” कर्जतपासून खोपोलीपर्यंत कुठेही इंटर्नशिप केलेल्या मुलांना विचारा, शिफारसपत्र मागायला गेल्यावर साहेब काय म्हणाले ते. बरेच जण हेच वाक्य ऐकवतील. मग ते पोर स्वतःच स्वतःचे कौतुक लिहायला बसते. संकोचापोटी आपले खरे काम सांगत नाही आणि कुठूनतरी मिळालेला नमुना उतरवते : मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ, वक्तशीर, चालचलन चांगले, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. नाव बदलले की हेच पत्र पुढच्या वर्षीच्या मुलालाही चालते. निवड समितीतल्या माणसाला त्यातून एकच गोष्ट कळते : सही करणाऱ्याला या मुलाचे काहीही आठवत नाही. मुलाने चार महिने चिखल तुडवून केलेले काम त्या एका सहीखाली गाडले जाते. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचे काही कारण मला दिसत नाही.

सध्या माझ्या टेबलावर असेच एक पत्र आहे. मुलगी खालापूर तालुक्यातली. नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत ती कर्जत तालुक्यात कशेळे-खांडसकडच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर आमच्याबरोबर बालपोषणाच्या कामाला होती. आता तिला मुंबईत सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे. इंटर्नशिप पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र तिच्याकडे आहेच. त्यात कधीपासून कधीपर्यंत आणि कुठल्या विभागात, एवढे येते. शिफारसपत्राने त्याच्या पुढचे सांगायचे असते : हिने काय केले, ते मी कसे पाहिले आणि तुमच्याकडे आल्यावर हिच्याकडून काय अपेक्षा ठेवता येईल.

म्हणून तिच्याकडून मी चार गोष्टी मागवल्या : तिचा बायोडेटा, अभ्यासक्रमाची माहिती, पत्र पोचायची शेवटची तारीख आणि आमच्याकडचे कोणते काम तिला महत्त्वाचे वाटते, ते साध्या आठ-दहा ओळींत. पत्राचा मसुदा मात्र मागवला नाही. तिच्या ओळी हाताशी घेऊन मी त्या महिन्यांच्या नोंदवह्या आणि तिचे साप्ताहिक अहवाल काढले. आठवण माणसाला फसवते. चार महिन्यांतून ‘चांगली मुलगी होती’ एवढेच मागे उरते. नोंदवहीत तिचे अक्षर होते, तारखा होत्या, खाडाखोड होती.

त्यात एक प्रसंग सापडला आणि पत्र त्यावरच उभे राहिले. एका अंगणवाडीतल्या मुलांच्या उंचीचे आकडे बघताना तिच्या लक्षात आले की जवळजवळ सगळे आकडे पूर्ण किंवा अर्ध्या सेंटिमीटरवर संपतात. खऱ्या मोजमापात असे होत नाही. शेवटचा आकडा शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही येतो. सगळेच शून्य आणि पाच दिसले तर कोणीतरी अंदाजाने जवळचा आकडा लिहिते आहे, असे समजावे. शिवाय काही मुलांची उंची महिन्याभरात कमी झालेली दिसत होती. ती तिथे गेली. उंचीची पट्टी भिंतीवर चिकटवलेली होती आणि तिचे शून्य जमिनीपासून दोन बोटे वर होते.

दोन बोटांनी काय बिघडते? तीव्र कुपोषण ठरवताना मुलाचे वजन त्याच्या उंचीच्या मानाने पाहतात. उंची खऱ्यापेक्षा कमी लिहिली गेली तर तेच वजन पुरेसे वाटू लागते आणि सीमेवरचे रोडावलेले मूल कागदावर ठीक दिसते. उपचाराच्या यादीत त्याचे नाव येतच नाही. तिने सेविकाताईंबरोबर बसून पट्टी जमिनीला टेकवून घेतली आणि मुले पुन्हा मोजली. दोन वर्षांखालच्यांना निजवून मोजले, कारण उभे आणि आडवे यांत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक धरला जातो. सहा महिन्यांवरच्या प्रत्येक मुलाचा दंडघेरही घेतला. तो ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर उंचीचा आकडा काहीही असो, मूल तीव्र कुपोषित धरतात. पुन्हा मोजल्यावर आधी सुटलेली काही मुले यादीत आली.

आता हे पत्रात कसे उतरले, ते बघा. ‘तिची निरीक्षणशक्ती उत्तम आहे’ असे मी लिहिले नाही. मी लिहिले : “नोंदवहीतल्या आकड्यांच्या शेवटच्या अंकावरून तिने मोजमापातली चूक ओळखली, जागेवर जाऊन कारण शोधले आणि अंगणवाडी सेविकेला न दुखवता तिच्यासोबत मोजणी पुन्हा केली. दुसऱ्या मोजणीला मी स्वतः हजर होते.” शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो : तुम्ही हे पाहिले की ऐकले? जे पाहिले ते ‘पाहिले’ म्हणून लिहावे आणि जे कळले ते कोणाकडून कळले, तेही लिहावे. वाडीचे आणि सेविकेचे नाव मी घातले नाही. एका मुलीचे कौतुक करताना दुसऱ्या बाईच्या नोकरीवर डाग कशाला? मुलांची नावे तर कुठल्याच कारणाने येता कामा नयेत.

दुसरा प्रसंग दिवाळीनंतरचा. त्या दिवसांत कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले अर्थातच बरोबर जातात आणि उपचार अर्धवट सुटतात. कुटुंबे निघायच्या आधीच हिने घरोघर जाऊन उपचारातल्या मुलांची यादी केली : कुठल्या भट्टीवर, मुकादम कोण, फोन कोणाकडे. त्यातल्या काही मुलांपर्यंत पुढे पोचता आले, काहींपर्यंत नाही. हे ‘काहींपर्यंत नाही’ मी पत्रात ठेवले आहे. एका सहकाऱ्याने ते काढायला सांगितले होते. मी काढले नाही. वीटभट्टीवरचे स्थलांतर ज्याने पाहिले आहे त्याला सगळी मुले सापडली असे सांगितले, तर तो बाकीच्या पत्रावरही विश्वास ठेवणार नाही.

उणीवही लिहिली, अशी की ती खरी आहे आणि पुढे सुधारली. सुरुवातीला तिचे अहवाल उशिरा यायचे, कारण प्रत्येक आकडा ती दोनदा तपासायची आणि मग सगळेच लिहायची. आम्ही शुक्रवारी एका पानाचा नियम घातला. डिसेंबरपासून ते पान वेळेवर येऊ लागले आणि त्यातून कामाचे निर्णय घेता आले. ‘अतिपरिश्रम हीच तिची उणीव’ असल्या वाक्यांनी कोणीही फसत नाही. तुलना करायची तर ती कशाशी, हेही सांगावे. ‘सर्वोत्कृष्ट’ या शब्दाला टेकू नसतो. मी लिहिले की गेल्या काही वर्षांत माझ्या देखरेखीखाली आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये मोजमाप आणि नोंदींच्या कामात ती पहिल्या दोघांत बसेल. सभेत अधिकाऱ्यांसमोर बोलण्यात तिच्याहून सरस मुले मी पाहिली आहेत, म्हणून त्या बाबतीत तसा दावा मी केलेला नाही.

आता ज्या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे त्याकडे येते : ‘गरीब घरातील होतकरू मुलगी’. आपल्याकडे शिफारशीत हे प्रेमाने लिहितात. पण त्याने वाचणाऱ्याचे लक्ष कामावरून उडून घरच्या परिस्थितीकडे जाते आणि निवड झाली तरी ती दयेने झाल्यासारखी वाटते. घरची परिस्थिती, जात, लग्न, आजारपण हे सगळे त्या मुलीचे आहे. ते सांगायचे की नाही, हे तिने ठरवावे. तिने सांगा म्हटले तरच सांगावे, तेही कामाशी जोडून.

मुलींच्या पत्रांत आणखी एक गोष्ट घडते. २००३ साली फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी एका अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासली. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रे सरासरीने आखूड होती. त्यांत कष्टाळूपणाचे शब्द अधिक येत होते, तर पुरुषांच्या पत्रांत संशोधनाचा उल्लेख अधिक. आपल्या गावची पत्रे काढून बघा. मुलगा ‘हुशार, नेतृत्वगुण असलेला’ असतो आणि मुलगी ‘मेहनती, मनमिळाऊ’. मसुदा झाला की मी तिच्या जागी मुलाचे नाव घालून वाचते. कुठले विशेषण खटकले तर ते काढते आणि त्या जागी तिने केलेले काम लिहिते.

पत्र कोणाला लिहायचे, हाही प्रश्न सोडून चालत नाही. १९२० मध्ये कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणाऱ्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या एका विद्यार्थ्याची शिफारस केली आणि त्याच्या संशोधनाला मदत करायला सुचवले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पत्र एका ओळखीच्या अभ्यासकाला होते आणि मागणे नेमके होते. ‘ज्या कोणाशी संबंधित असेल त्यांस’ लिहिलेले पत्र कोणालाच आपले वाटत नाही. म्हणून मी अभ्यासक्रमाची माहिती वाचली. त्यात संख्याशास्त्र आणि क्षेत्रकार्य दोन्ही आहे, म्हणून उंचीचा प्रसंग आधी आणि भट्टीचा नंतर घेतला. हीच मुलगी उद्या एखाद्या संस्थेत नोकरीला अर्ज करेल तेव्हा क्रम उलटा करीन. सगळे एका पानात बसते. अर्जदाराला ओळखण्याचा माझा आधार पहिल्या परिच्छेदात, दोन प्रसंग मध्ये, उणीव आणि तुलना शेवटी, आणि खाली फोन नंबर.

ज्यांच्याकडे लिहायला असे काही नाही, त्यांनी सरळ नाही म्हणावे. “मी तुझे काम जवळून पाहिलेले नाही. रोज तुझ्यासोबत असलेल्या ताईंना विचार, त्या लिहितील, मी खाली माझी सही जोडतो,” असे सांगण्यात मोठेपणा कमी होत नाही. मुलाला वेळेत दुसरा माणूस तरी शोधता येतो. आदल्या रात्री मागितलेले पत्र चांगले होणे कठीण, म्हणून मुलांनीही निदान दोन आठवडे आधी विचारावे.

पत्र पाठवण्याआधी तिला विचारून घेतले की उणिवेचा परिच्छेद राहू द्यायचा का. ती म्हणाली, “राहू द्या मॅडम, ते खरंच आहे. फक्त शुक्रवारच्या पानाचं लिहा.” ते लिहिलेलेच होते. पत्राची प्रत आणि नोंदवहीतल्या त्या दोन पानांच्या झेरॉक्स, मुलांची नावे झाकून, मी एकाच फायलीत ठेवल्या आहेत. संस्थेतून फोन आला तर मला आठवावे लागणार नाही, पाहून सांगता येईल.