तीन डबे आणि एक वजनकाटा

प्रभाग समितीच्या अंदाजपत्रकात यंदा कचऱ्याला भरघोस तरतूद आहे. घंटागाड्या आहेत, हिरवे-निळे डबे आहेत, खतयंत्र आहे, भिंतीवर रंगवायची घोषवाक्येही आहेत. ओला कचरा शेवटपर्यंत ओलाच राहील, एवढी एक तरतूद राहून गेली आहे.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितले. नागरिकांनी ते मनावर घेतले, असे समजू. पन्नास हजार वस्तीच्या प्रभागात माणशी 400 ग्रॅम धरले, तर रोज 20 टन कचरा होतो आणि त्यातला 11 टन ओला धरायला हरकत नाही. छोटी घंटागाडी एका खेपेत पाऊण टनाच्या आसपास उचलते. म्हणजे दोन खेपा करणाऱ्या चौदा गाड्या हव्यात. घरे 11 हजार धरली, तर एका गाडीच्या वाट्याला सुमारे 800 घरे आणि पाच तासांची सकाळ येते. घरटी बावीस सेकंद! तेवढ्यात सफाई कामगाराने पिशवी उघडावी, मेथीच्या काड्यांत दडलेले डायपर शोधावे आणि दारातल्या काकांना नियम समजावून पुढची घंटा वाजवावी, अशी प्रशासनाची माफक अपेक्षा आहे.

गाडीच्या मधोमध पत्रा ठोकून दोन कप्पे केलेले असतात. पण सुका कचरा वजनाला हलका आणि जागेला भारी. पुठ्ठे, बाटल्या आणि दुधाच्या पिशव्यांनी त्याचा कप्पा अर्ध्या वाटेतच शिगोशीग भरतो. उरलेल्या घरांचा सुका कचरा मग ओल्यात पडतो. जे वेगळे उरते ते रॅम्पवर पोहोचते. तिथे खाली एकच कॉम्पॅक्टर तोंड उघडून उभा असतो आणि दोन्ही कप्पे त्यातच रिकामे होतात. घराघरांतून निघालेली शिस्त पाच मिनिटांत दाबून एकजीव.

यात कुणाचा आळस नाही, हिशेब आहे. वाहतुकीचे बिल टनावर निघते. टनामागे 800 रुपये दर धरला, तर 20 टनांचे रोज 16 हजार. प्रभागानेच चार टन ओल्या कचऱ्याचे खत केले, तर ठेकेदाराचे बिल 3,200 रुपयांनी उतरते, म्हणजे वर्षाला साडेअकरा लाखांहून अधिक. एवढे नुकसान सोसून ओला कचरा वाचवायला कुठला ठेकेदार रॅम्पवर उभा राहील? वजनकाट्याला वास येत नाही. उलट पाणी सुटलेला, माती लागलेला मिश्र कचरा त्याला अधिक प्रिय असतो.

वाचलेले पैसे खताकडे जातील, असा भाबडा समज कुणी बाळगू नये. वाहतूक एका लेखाशीर्षात, यंत्राची खरेदी दुसऱ्यात आणि यंत्राचे वीजबिल बहुधा तिसऱ्यात किंवा कुठेच नाही. मार्च उजाडला की निधीचे वर्गीकरण होते आणि खताच्या पैशांतून पेव्हिंग ब्लॉक बसतात.

यंत्राचे मात्र थाटात उद्घाटन होते. चोवीस तासांत खत, असे फलकावर लिहिलेले असते. चोवीस तासांत जे बाहेर पडते तो वाळवलेला, दळलेला कचरा असतो. त्याला पाणी लागले की तो पुन्हा तापतो आणि घाण मारतो. पारख सोपी आहे: मूठभर माल ओलसर करून बंद पिशवीत आठवडाभर ठेवावा. उघडल्यावर मातीचा वास आला तर खत, नाक धरावे लागले तर यंत्राच्या पोटातून आलेला कचराच. खऱ्या खताला ओलावा सांभाळावा लागतो, भुसा किंवा वाळका पाला मिसळावा लागतो, ढीग वेळोवेळी उलटावा लागतो. एवढे करूनही चांगले मुरायला आठवडे जातात. भुसा, फावडे आणि दोन माणसे यांना फीत कापता येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात ती सहसा सापडत नाहीत.

उलट्या हिशेबाचे उदाहरण पुण्यात आहे. तिथे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य 2008 पासून महापालिकेशी झालेल्या कराराने घरोघर जातात. घरटी शुल्क मिळते आणि सुका कचरा विकून आलेले पैसे त्यांचेच. भिजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. त्यामुळे कचरा वेगळा घेण्यात त्यांचा स्वतःचा फायदा आहे. त्यांच्यासाठी भिंतीवर घोषवाक्य रंगवावे लागत नाही.

राज्य सरकारने शहरी खताला 'हरित महासिटी कंपोस्ट' असे भारदस्त नाव केव्हाच दिले आहे. बारशाची सोय झाली, बाळंतपणाची व्हायची आहे. तेव्हा यंदाचे अंदाजपत्रक हाती आले की नागरिकांनी एवढेच पाहावे: ठेकेदाराचे बिल एकूण टनांवर आहे की वेगळ्या पोहोचलेल्या टनांवर, आणि यंत्राच्या ओळीखाली वीज, भुसा व माणसांच्या पगाराची ओळ आहे का. नसेल, तर उद्घाटनाचे निमंत्रण आले तरी जाण्याची तसदी घेऊ नये.