पंचमीच्या दुसऱ्या दिवशी

माझ्या मित्राच्या बायकोचे वाढदिवस दोन होते. एक शाळेच्या दाखल्यावरचा, 1 जून. आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र 1 जूनला जन्मला आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, आईबापांना तारीख आठवायची नाही आणि हेडमास्तरांना घाई असायची. दुसरा वाढदिवस खरा. वहिनींच्या आईने सांगितलेला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाचा. म्हणजे श्रावण शुद्ध षष्ठी. हा दिवस दर वर्षी जागा बदलतो. 2024 साली तो 10 ऑगस्टला आला, 2025 साली 30 जुलैला.

2025 च्या मार्चमध्ये वहिनी गेल्या. वाईला जाऊन मित्राला भेटून आलो, दहाव्यालाही गेलो. तिथे एक वयस्कर बाई मित्राला म्हणाल्या, ‘‘भाग्याची रे, अहेवपणी गेली.’’ त्याने मान डोलावली. मागे राहिल्याबद्दल आपलं अभिनंदन होतंय की काय, असा चेहरा करून तो बसला होता.

आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या मरणाची सोय उत्तम आहे. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, पितृपक्ष. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी तर भाद्रपदात अविधवा नवमी खास राखून ठेवलेली आहे. त्या दिवशी काय रांधायचं, कोणाला जेवायला बोलवायचं, सगळं ठरलेलं. पण जन्मदिवसाचं काय करायचं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. जयंती थोरामोठ्यांची असते, तिला हार आणि सुट्टी असते. आपल्या घरातल्या माणसाची जयंती म्हटली तर मंडप घातल्यासारखं वाटतं आणि वाढदिवस म्हटलं तर पहिलं अक्षर लिहितानाच हात थांबतो, कारण आता वाढणार काय?

1 जूनला त्याचा फोन आला. बँकेने वहिनींच्या मोबाईलवर शुभेच्छा पाठवल्या होत्या. त्याच बँकेत त्यांचं खातं बंद करायला तो तीनदा जाऊन आला होता आणि तिन्ही वेळा एकेक कागद कमी निघाला होता. ‘‘म्हणजे बघ, शुभेच्छा द्यायला त्यांना ती जिवंत चालते,’’ तो म्हणाला. फेसबुकवरही दहाबाराजणांनी केकची चित्रं टाकली होती. बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. पुढे त्याच्या मुलाने मृत्यूचा दाखला पाठवून ते फेसबुकचं खातं स्मृतिखातं करून घेतलं, म्हणजे आता ते वाढदिवसाची आठवण लोकांना करून देणार नाही. हे करता येतं, पण ते घरच्यांनाच सुचावं लागतं, आणि त्या दिवसांत घरच्यांना काही सुचत नसतं.

फोन ठेवल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर जुलैवर उलटलं. 1 जूनला सगळे चुकून बोलले. 30 जुलैला कोणीच बोलणार नव्हतं, कारण ती तारीख कुठल्याच यंत्रात नव्हती. ती त्याच्या डोक्यात होती, मुलाच्या होती, आणि थोडीफार माझ्या. तेव्हा लिहायचं ते तिथीला, असं ठरवलं. ज्या दिवशी तो घरात एकटा बसून ‘आज कोणाच्या लक्षात असेल का’ असा विचार करत असेल, तो दिवस हा.

आणि लिहायचं ते कागदावर. फोन केला की समोरच्याला लगेच काहीतरी बोलावं लागतं, आवाज सावरावा लागतो आणि शेवटी तोच आपल्याला ‘बरं आहे रे, काळजी करू नको’ म्हणून समजावतो. मोबाईलवरच्या निरोपाला दोन निळ्या खुणा येतात आणि मग उत्तराचं कर्ज चढतं. पत्र मात्र टेबलावर पडून राहतं. वाटलं तर वाचावं, नाही तर चष्म्याखाली ठेवून द्यावं. पोस्टातून अडीच रुपयांची चार आंतर्देशीय पत्रं आणली. कारकुनाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी आणे मागितले होते.

पहिलं पत्र पत्ता लिहितानाच वाया गेलं. तीस वर्षं त्या घराला लग्नपत्रिका आणि दिवाळीची पत्रं पाठवून हाताला वळण पडलेलं. हाताने आपणहून ‘श्री. व सौ.’ लिहिलं. खोडावं तर खोडलेलं दिसणार. ‘व सौ.’वर मारलेली काट घेऊन पोस्टमन त्याच्या दारात उभा राहणार. फाडलं.

दुसऱ्याचा मजकूर मी कच्च्या कागदावर आधी लिहिला, ते बरं झालं. ‘आज वहिनी असत्या तर त्रेसष्ट वर्षांच्या झाल्या असत्या.’ वाचून पाहिलं. हे त्याला माहीत नाही का? तो सकाळपासून हेच गणित करत असणार. ‘असत्या तर’ने सुरू झालेलं वाक्य कुठेही जात नाही, फक्त नसल्याची मोजदाद करतं. मग ‘काळ हेच औषध’ असं लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. डोसही सांगितला नव्हता. शेवटी ‘काही लागलं तर कळव’ लिहिलं, तर ते सगळ्यात वाईट निघालं. म्हणजे आता त्याने उठून स्वतःला काय लागतंय ते शोधायचं, मग ते माझ्याकडे मागावं की नाही याचा विचार करायचा आणि वर माझा फोन नंबर शोधायचा!

माझ्या एकच गोष्ट लक्षात आली. मी लिहीत होतो ते सगळं त्याच्याबद्दल होतं. त्याचं दुःख, त्याचा धीर, त्याची प्रकृती. वहिनी कुठे होत्या? मार्चपासून लोक त्याच्याशी बोलत होते ते ‘जे झालं ते’ आणि ‘तो प्रसंग’ असंच. त्याच्या बायकोचा उल्लेख तिचं नाव वगळून एखाद्या अपघातासारखा होत होता. वाढदिवस तर तिचा होता.

मग मी त्या दिवशी माझ्याकडे वहिनींचं असं काय आहे, जे त्याच्याकडे नाही, ते आठवत बसलो. त्याच्याकडे सगळंच होतं. पस्तीस वर्षांचा संसार होता. मला सापडलं ते फक्त एक गुपित.

1994 च्या श्रावणात पाचगणीहून परतताना मी वाईला उतरलो होतो. पंचमीचा दुसरा दिवस. मित्र कचेरीत. पाऊस असा, की घाटावरचं देऊळसुद्धा दिसत नव्हतं. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, म्हणून वहिनींकडे पुरणाची दिंडं व्हायची. कणकेची पारी लाटायची, मध्ये पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी घडी घालून हळदीच्या पानावर उकडायची. गरम असताना वर तूप ओतलं की पानाचा वास आणि जायफळाचा वास एकदमच येतो. आमचा हा मित्र रात्री उठून, दिवा न लावता, उरलेली दिंडं खायचा. सकाळी पातेलं रिकामं. मग वहिनी म्हणायच्या, ‘‘माझ्या वाढदिवसाला मला शिळं, आणि तेही उरलं तर.’’ त्यामुळे याला दर वर्षी अपराधी वाटायचं आणि भरपाई म्हणून तो संध्याकाळी साताऱ्याचे कंदी पेढे अर्धा किलो आणायचा.

त्या दिवशी वहिनींनी मला बसवलं, स्टुलावर चढल्या आणि वरच्या फळीवरून, साबुदाण्याच्या डब्याच्या मागून, झाकणाला पोचा आलेला एक पितळी डबा काढला. आत हळदीच्या पानात गुंडाळलेली दोन दिंडं. एक त्यांनी मला दिलं. ‘‘दर वर्षी आधीच काढून ठेवते,’’ म्हणाल्या. ‘‘पण भाऊजी, यांना सांगू नका हं. पेढे बंद होतील.’’

मी एकतीस वर्षं सांगितलं नव्हतं.

हे लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. गेलेल्या माणसाची गुपितं उघडी करायची तर ती पारखूनच करायला हवीत. कोणाकडून घेतलेले पैसे, कोणाबद्दलचा राग, न सांगितलेलं दुखणं, असलं काही वाढदिवसाच्या पत्रात घालू नये. ते वाचल्यावर उलट विचारायला माणूस उरलेला नसतो. दोन दिंडांचं गुपित चालण्यासारखं होतं. शिवाय ते त्याच्याच जिवावर केलेलं होतं, म्हणजे हक्काने त्याचंच.

मजकूर असा झाला. वर मायना, त्याच्या नावाने, नेहमीचाच अरेतुरेचा. पहिलं वाक्य ‘आज षष्ठी, वहिनींचा वाढदिवस.’ वाढदिवसच लिहिलं, दुसरा शब्द शोधला नाही. मग डब्याची हकिकत, फळी आणि स्टुलासकट. शेवटी ‘उत्तर पाठवायची घाई नाही.’ प्रश्न एकही विचारला नाही. ‘कसा आहेस’सुद्धा नाही, त्याचंही उत्तर द्यावं लागतं.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. शुभ पत्राच्या कोपऱ्यांना आपण हळदकुंकू लावतो. अशुभ पत्रावर श्रीकार घालत नाही, आणि ते वाचून लगेच फाडून टाकायचं असतं. हे पत्र कुठलं? श्रीकार घालू गेलो तर पेन अडखळलं, सोडावा तर ते फाडायचं पत्र दिसायला लागलं. शेवटी वरची जागा मोकळी ठेवली आणि उजवीकडे फक्त तिथी लिहिली.

पुण्याहून वाईला पत्र दोन दिवसांत जातं असं पोस्ट म्हणतं, तीन-चार लागतात असं मी म्हणतो. दिवस उलटून गेल्यावर पोचलेलं पत्र ‘आठवण आली, पण उशिरा’ असं सांगतं. आदल्या दिवशी पोचलेलं मात्र उपयोगी पडतं. खरं तर आदली संध्याकाळच जड जाते. 26 जुलैला, शनिवारी सकाळी, पेटी उघडण्याच्या आधी टाकलं. मंगळवारी, ऐन पंचमीला मिळालं, असं नंतर कळलं.

उत्तर आठ दिवसांनी आलं. पोस्टकार्ड, त्याच्या त्या कचेरीतल्या तिरक्या अक्षरात, तीन ओळी. ‘डबा सापडला. रिकामा आहे. तीस वर्षांच्या पेढ्यांचा हिशेब आता कोणाकडे मागू?’ खाली सही, आणि सहीच्या खाली, जागा नसताना कोंबलेलं, ‘दुसरं दिंड तिने खाल्लं ना?’

खाल्लं होतं. माझ्यासमोर, उभ्यानेच, तूप न घेता. हे मी त्याला उलट टपाली कळवलं.

2026 साली नागपंचमी 17 ऑगस्टला, सोमवारी आहे. म्हणजे षष्ठी 18 ला. शनिवारी 15 ऑगस्टची सुट्टी, मग रविवार. पत्र बुधवारी 12 तारखेलाच टाकायला हवं.