मौल्यवान दोन मिनिटे

ओळखपाळख नसलेल्या माणसाला मध्यस्थाशिवाय धाडलेल्या पत्राला ‘कोल्ड ईमेल’ म्हणतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील अंतिम वर्षाचा अभियांत्रिकी विद्यार्थी परदेशस्थ माजी विद्यार्थ्याला जेव्हा असे पत्र लिहितो, तेव्हा त्यात ‘आपल्या मौल्यवान वेळेतील दोन मिनिटे’ ही मागणी हटकून असते.

ही दोन मिनिटे नीट तपासण्याजोगी आहेत. पत्र वाचण्यात पहिले मिनिट जाते, कारण ‘आदरणीय सर/मॅडम’पासून आपल्या प्रेरणादायी प्रवासापर्यंत तीन परिच्छेद असतात, रिझ्युमे, म्हणजे स्वतःच्या शिक्षणाचा गोषवारा, उघडून त्यातील क्रिकेटची आवड वाचेपर्यंत दुसरेही सरते, आणि मग शिल्लक शून्य मिनिटांत मार्गदर्शन करायचे असते ते ‘करिअरबाबत’, म्हणजे पुढच्या पस्तीस वर्षांबाबत. प्रश्न मात्र पत्रात कुठेच नसतो.

खरोखर दोन मिनिटांत सुटणारा प्रश्न असू शकतो, हे विशेष. खाणशाखेचा विद्यार्थी असे विचारू शकतो: ‘ऑस्ट्रेलियात कोळसा खाणीत काम करायचे आहे; आधी वर्धा खोऱ्यातील भूमिगत खाणीत अनुभव घेऊन द्वितीय श्रेणीचे व्यवस्थापक प्रमाणपत्र मिळवावे, की थेट पदव्युत्तर शिक्षणाला यावे?’ हे प्रमाणपत्र म्हणजे खाणीत कायद्याने जबाबदारीचे पद सांभाळण्याचा परवाना. ते तिथे आपोआप चालत नाही, अशा पदांसाठी तिथल्या राज्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते, मात्र भूमिगत कामाचा अनुभव नोकरी देणारा विचारतो की नाही, हे तिथे काम करणारा माणूस चार ओळींत सांगू शकतो.

असा प्रश्न सुचत नाही, यात मुलाचा दोष किती? पुण्यातल्या मुलाचा अभियंता मामा हीच माहिती लग्नाच्या पंगतीत, जिलेबी वाढली जात असताना देऊन टाकतो. अहेरीच्या मुलाच्या घरात अभियंता तोच पहिला, त्यामुळे त्याला मामाऐवजी ईमेल लागतो. चार वर्षे वर्गात हात वर केला की ‘तासानंतर भेट’ असे ऐकवायचे, तासानंतर स्टाफरूमला कुलूप लावायचे, तोंडी परीक्षेत उलटा प्रश्न विचारणाऱ्याचे गुण कापायचे, आणि शेवटच्या सत्रात ‘संवादकौशल्य’ नावाच्या कार्यशाळेत सगळ्यांना एकच मसुदा वाटून फी वसूल करायची, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे, आणि त्याचे खापर पोराच्या इंग्रजीवर फोडणे हा त्याहून मोठा.

माजी विद्यार्थीही कमी नाही. दीड महिन्याने तो ‘आवड ओळख, मेहनत घे, संपर्क वाढव’ असे कळवतो. त्यावर लगोलग आभाराचे पत्र जाते, आणि त्याला रिझ्युमे पुन्हा जोडलेला असतो.