गाडी वेळेवर आहे

विनोद समजावून सांगू नये, असं म्हणतात. आमच्या तात्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते जो विनोद समजावून सांगता येत नाही, तो सांगणाऱ्यालाही कळलेला नसतो. मुदखेडला त्यांची दोन एकर फुलशेती आहे, झेंडू, गलांडा आणि थोडा गुलाब. माणूस रोकठोक. त्यांच्या नातीने शाळेच्या भित्तिपत्रकावरच्या एका चित्राचा फोटो काढून आणला, घरभर दाखवला, सगळे हसले आणि तात्या एकटे गंभीर राहिले. मग तो फोटो माझ्याकडे आला. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, त्यामुळे अशी प्रकरणं माझ्याकडेच येतात. खाली एकच ओळ होती : "सर, ह्याच्यात हसायचं काय हाय?"

फोटो पाहिला आणि मला तात्यांची बाजू पटली. त्या फोटोत हसण्यासारखं खरंच काही उरलं नव्हतं.

चित्र चार चौकटींचं. वर दोन, खाली दोन. रेल्वेचा फलाट, डोक्यावर पत्रा, भिंतीवर मोठं घड्याळ, खांबावर भोंगा, बाकड्यावर धोतरातला एक माणूस आणि त्याच्या पायाशी फुलांनी शिगोशिग भरलेली टोपली. पाटीवर नुसतं 'जंक्शन' लिहिलेलं, गावाचं नाव नाही. चित्रकार पोरगा हुशार आहे. मुदखेडला परभणी-नांदेडकडून येणारी लाईन निजामाबादकडे जाते आणि आदिलाबादचा फाटा इथूनच फुटतो. त्यामुळे 'जंक्शन' एवढंच लिहिलं तरी इथल्या माणसाला पुढचं वाचता येतं, आणि उद्या कुणी विचारलंच तर पोरगा हात वर करायला मोकळा.

पहिल्या चौकटीत माणूस विचारतो, "गाडी कधी?" उत्तर येतं, "गाडी वेळेवर आहे." दुसऱ्या चौकटीत तोच प्रश्न आणि तेच उत्तर. तिसरीत कुणीच काही बोलत नाही. चौथीत माणूस स्टुलावर चढलेला आहे, त्याचा हात भिंतीकडे गेलाय, चौकटीच्या कडेतून इंजिनाचं नाक आत आलंय आणि माणूस म्हणतो, "हां, आता आली वेळेवर."

मी तात्यांना फोन लावला आणि आधी त्यांनाच सांगायला लावलं. मुलांना शिकवतानाही मी हेच करायचो. समोरच्याने काय पाहिलं ते कळल्याशिवाय समजावणं सुरू केलं, तर आपण भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसतो. तात्या म्हणाले, "माणूस गाडी विचारायलाय आन् सोताच म्हणायलाय, वेळेवर हाय. मग त्याची फुलं सुकली. मग परत जरा ताजी झाली. मग परत सुकली. आन् शेवटी भिंतीत खिळा ठोकायलाय. गाडी आली. ह्याच्यात काय हाय?"

या बोलण्यात तीन घोटाळे होते आणि त्यातला एकही तात्यांचा नव्हता.

पहिला घोटाळा फुग्याचा. संवाद ज्यात लिहितात त्या फुग्याला शेपटी असते आणि ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाते. गोल फुगा म्हणजे साधं बोलणं. ढगासारखा फुगा आणि खाली उतरत जाणारी लहान वर्तुळं म्हणजे मनातलं. काटेरी कडा आणि कोनाकोनाची शेपटी म्हणजे यंत्रातून आलेला आवाज : रेडिओ, फोन, भोंगा. पोराने 'गाडी वेळेवर आहे' हे काटेरी फुग्यातच लिहिलं होतं, पण शेपटी आखूड पडली. ती भोंग्यापर्यंत पोचलीच नाही, माणसाच्या टोपीपाशी थांबली. कारण सोपं आहे. त्याने आधी फुगा काढला आणि मग अक्षरं कोंबली. करायचं नेमकं उलटं असतं. आधी अक्षरं लिहावीत आणि मग त्यांच्याभोवती फुगा ओढावा. देवनागरीला तर हे फार सांभाळावं लागतं. शिरोरेघेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींना रोमन लिपीपेक्षा जास्त उंची लागते. 'वेळेवर'च्या मात्रांना जागा करायला पोराने फुगा खाली वाढवला आणि शेपटीची जागा गेली. तात्यांनी ते वाक्य माणसाच्या तोंडी घातलं, यात त्यांचं काय चुकलं?

दुसरा घोटाळा क्रमाचा, आणि तो मला सगळ्यात आवडला. तात्यांनी डावीकडची वरची चौकट वाचली, तिच्या खालची वाचली, मग उजवीकडची वरची आणि शेवटी तिच्या खालची. चौकटी एका ओळीत असत्या तर हा प्रश्नच आला नसता. चौरसात मांडल्या की वाचणाऱ्याला दोन वाटा दिसतात. मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो म्हणून चौकटीही तशाच वाचायच्या, हे आपल्याला उघड वाटतं. पण वर्तमानपत्राचे रकाने आपण वरून खालीच वाचतो की. जपानमध्ये चार चौकटींच्या चित्रकथेला योनकोमा म्हणतात आणि तिथे चौकटी एकाखाली एक रचायचा रिवाज आहे. अमेरिकेत १९५० साली चार्ल्स शुल्झची 'पीनट्स' सुरू झाली, तेव्हा तिच्या चारही चौकटी मुद्दाम एका मापाच्या ठेवल्या होत्या. हेतू हा, की संपादकाला जशी जागा असेल तशा त्या आडव्या, उभ्या किंवा चौरसात लावता याव्यात. आपल्याकडे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१च्या नोव्हेंबरात 'सकाळ'मध्ये आला आणि घराघरातल्या पोरांना आडव्या पट्टीची सवय लागली. तात्यांच्या घरी तेव्हा पेपर येत नव्हता. दुपारी स्टेशनवर कुणी टाकून दिलेला मिळाला तर ते बाजारभावाचं पान वाचायचे.

पण बघा, क्रम चुकलाय हे तात्यांच्याच बोलण्यातून कळत होतं. "फुलं सुकली आन् परत ताजी कामून झाली?" असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. फुलवाल्याची नजर! मी म्हणालो, "तात्या, फुलं सुकलेली परत ताजी होतात का?" ते म्हणाले, "बिलकुल न्हाई." मी म्हणालो, "मग चौकटींचा क्रम फुलांवरून लावा." क्षणभर शांतता, आणि मग, "हां हां. वरच्या दोन आधी." चित्रकथेचा क्रम तपासायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. उलट फिरू शकत नाही अशी एखादी वस्तू चित्रात शोधायची : जळणारी मेणबत्ती, संपत चाललेलं ताट, सुकणारं फूल. ती ज्या दिशेने संपते, तीच वाचायची दिशा.

तिसरा घोटाळा फोटोचा, आणि विनोद मारला तो याने. भित्तिपत्रकाला काच आहे. नातीने फ्लॅश मारून फोटो काढला आणि त्याचा पांढरा गोळा नेमका चौथ्या चौकटीतल्या घड्याळावर पडला. तिसरीतलंही घड्याळ अर्धं धुऊन गेलं. घड्याळ नसेल तर माणूस स्टुलावर चढून खिळाच ठोकणार, दुसरं काय करणार? मी नातीला दुसरा फोटो काढायला लावला. फ्लॅश बंद, आणि जरा तिरकं उभं राहून, म्हणजे खिडकीचा उजेड काचेवरून भलतीकडे जाईल. आता घड्याळं दिसली. पहिल्या चौकटीत दहा वाजून दहा मिनिटं. दुसरीत एक. तिसरीत साडेचार. आणि चौथीत परत दहा वाजून दहा मिनिटं, कारण काटा माणसाच्या बोटात आहे.

तात्या हसले नाहीत. पण "आस्सं" म्हणाले, आणि ते मला पुरेसं होतं.

आता गंमत कशी उभी राहते ते पाहू. या चित्रातले फक्त शब्द वाचले तर गाडी वेळेवर होती आणि वेळेवर आली; तक्रारीला जागाच नाही. फक्त चित्रं पाहिली तर एक माणूस दिवसभर बसून राहिला आणि शेवटी घड्याळाशी खेळला, वेडा असेल. दोन्ही एकत्र आले की शब्द खोटे पडतात, आणि माणूस मात्र त्यांच्यावर प्रामाणिकपणे विश्वास ठेवतो. भोंगा म्हणतो गाडी वेळेवर आहे, म्हणजे चुकलेली असली तर वेळच चुकली असणार. मग ती दुरुस्त करायची. त्याच्या तर्कात कुठेही फट नाही.

हे दिसावं म्हणून पोराने एक गोष्ट फार कसोशीने केली. चारही चौकटींत फलाट तोच, बाकडं तेच, बघण्याचा कोन तोच. जे बदलत नाही त्याच्यामुळे जे बदलतं ते दिसतं. प्रत्येक चौकटीत वेगळ्या बाजूने फलाट काढला असता, तर डोळे फलाट ओळखण्यातच दमले असते आणि काट्यांकडे लक्ष गेलं नसतं. चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीचीही कमाल आहे. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये बोटभरसुद्धा जागा नाही आणि तिथे जवळजवळ तीन तास गेलेत. ते कुणी काढलेले नाहीत, वाचणारा ते स्वतः भरतो. स्कॉट मॅकक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३च्या आपल्या पुस्तकात याच रिकाम्या जागेला चित्रकथेचं मर्म मानलं आहे, आणि ते पुस्तकही त्याने चित्रकथेतच लिहिलं.

तिसरी चौकट मुकी का, असं तात्यांनी विचारलं. तिथेही एकदा विचारून घेतलं असतं की, त्यात काय एवढं? पण तिथे माणूस तिसऱ्यांदा बोलला असता, तर ती नुसती तक्रार झाली असती. तो गप्प राहून घड्याळाकडे बघतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे कळतं, पण काय ते कळत नाही. जपानी मंडळी चार चौकटींना चार कामं वाटून देतात : सुरुवात, पुढचं पाऊल, वळण, शेवट. ही वाटणी चिनी चार ओळींच्या कवितेतून आली असं सांगतात. वळण तिसरीत. आपल्या पोराने हे कुठे वाचलेलं नसणार, पण वळण मात्र बरोबर तिसरीतच आणि तेही न बोलता घेतलंय.

आणि चौथ्या चौकटीत एक गोष्ट आहे, जी घरभर हसलेल्यांपैकी कुणालाच दिसली नव्हती. घड्याळ दहा वाजून दहावर परत गेलं, पण टोपलीतली फुलं? माना टाकलेलीच. काटा मागे फिरला, फुलं फिरली नाहीत. पहिलं हसू घड्याळाचं, आणि ते ओसरल्यावर नजर खाली टोपलीकडे गेली तर दुसरं. ते तितकं हसू नाही. हे मी सांगायच्या आधी तात्याच म्हणाले, "फुलं तर गेली की हो त्याची." मी गप्प बसलो.

मग त्यांनी धंद्यातली हरकत घेतली. "पर सर, झेंडू एका दिवसात अशी मान टाकत न्हाई. गुलाब काढायला पायजे होता." हरकत शंभर टक्के बरोबर आहे. पण काळ्या पेनाने लहान टोपलीत गुलाब काढून पाहा, कोबी दिसतो. झेंडू गोल आणि झुपकेदार, चार रेषांत ओळखू येतो. व्यंगचित्रात ओळखू येणं आधी, शेतीशास्त्र नंतर. तात्यांना हे पटलं नाही, आणि त्यांनी पटवून घ्यावं असा माझाही आग्रह नाही.

तुमच्याही घरी कुणी भिंतीवरचं किंवा पेपरातलं असं चित्र फोटो काढून पुढे पाठवत असेल, तर फ्लॅश तेवढा बंद करायला सांगा आणि चारही चौकटी कडेसकट घ्यायला सांगा. उजव्या कोपऱ्यात खाली सही असते, ती तर कापूच नका. या पोराची सही नातीच्या दोन्ही फोटोंत कापली गेली आहे, त्यामुळे एवढं सगळं चित्र उलगडूनही त्याचं नाव मला अजून माहीत नाही.