विहिरीची जागा

नगर जिल्ह्यातील एका गावी, तगाई मंजूर झालेल्या विहिरीची जागा मुक्रर करण्यास आलेल्या तरुण इंजिनिअरसाहेबांनी, उंबराकडे बोट दाखविणाऱ्या वृद्ध विहीरखोद्यास ‘यास प्रमाण काय?’ असा सवाल केला, तेव्हा म्हातारा काही न बोलता त्यांना शेजारच्या विहिरीच्या काठावर घेऊन गेला. तेथे वरचा मुरूम कोरडा होता, तळाचा काळा पाषाण अभंग होता, आणि या दोहोंमधील भोकाभोकांच्या मांजऱ्या खडकातून, तेही केवळ उंबराकडील अंगाने, पाणी पाझरत होते.

“साहेब, हा थर तिकडून उतरत येतोय. चार परसांवर लागेल. पण होळीनंतरची हमी माझ्याकडं न्हाई.”

उंबर त्याने निव्वळ खूण म्हणून सांगितला होता. साहेबांनी मात्र तेवढाच ऐकला. नाल्याकाठची त्यांची जागा, जी नकाशात फारच शोभून दिसे, सुरुंगाची दारू संपेपर्यंत अखंड पाषाणच देत राहिली. पुढे उंबराजवळ चौथ्या परसाला पाणी लागले आणि दप्तरी ‘भूस्तरांच्या शास्त्रीय अवलोकनान्ती’ असा शेरा पडला. म्हाताऱ्याची मजुरी तेवढी, जागा बदलण्यास पूर्वमंजुरी नव्हती या सबबीवर, अद्याप तुंबलेली आहे.