ठिबकच्या व्हिडिओखाली काय लिहावं: परंपरा आणि पाखंड

व्हिडिओ झाला. सरीत वाकून ड्रीपर दाखवला, वाऱ्याने निम्मं बोलणं उडवून नेलं, मुलाने कापाकापी करून दिली. आता यूट्यूब एक रिकामी पेटी पुढे करतं आणि म्हणतं, वर्णन लिहा. पेटीत 5000 अक्षरं मावतात. ती कशी भरायची याची एक परंपरा आपल्याकडे एव्हाना पक्की झाली आहे, आणि ती कुणीतरी लिहून ठेवायला हवी.

उदाहरण म्हणून नेहमीचाच विषय घेऊ. उसाच्या ठिबकचे ड्रीपर क्षारांनी चोक झालेत आणि तुम्ही ॲसिड सोडून ते मोकळे करून दाखवलेत. व्हिडिओ खरोखर उपयोगाचा आहे. म्हणूनच तो कुणाला सापडू नये याची काळजी वर्णनात घ्यावी लागते.

सुरुवात ‘नमस्कार शेतकरी बंधूंनो’ अशी करावी. मग चॅनेलचं नाव, मग ‘आपले सहर्ष स्वागत’, मग बळीराजा. वर्णनाच्या पहिल्या एक-दोन ओळीच उघड्यावर दिसतात, बाकीचं सगळं दाबून उघडावं लागतं. त्या मोक्याच्या जागेवर नमस्कार बसला की चोक, क्षार, ॲसिड हे शब्द सुखरूप आत झाकले जातात.

पुढची भाषा सरकारी पत्रकाची असावी. ‘सूक्ष्म सिंचन प्रणालीतील उत्सर्जकांचे आम्ल प्रक्रियेद्वारे शुद्धीकरण’ हे उत्तम. रात्रीच्या लाईटीवर मोटर सुरू करून, बॅटरीच्या उजेडात कोरड्या सरीकडे बघणारा माणूस मोबाईलवर ‘ड्रीप चोक झालं काय करावं’ असं लिहितो. तो ‘ठिबक बंद पडलं’ लिहितो, ‘ड्रीपरला पांढरी पावडर’ लिहितो, आणि मराठी कळफलक सापडला नाही तर thibak chok upay असं लिहून मोकळा होतो. यातला एकही शब्द वर्णनात येऊ देऊ नये.

मग हॅशटॅग. हे मनमुराद द्यावेत: पीकविमा, कर्जमाफी, सातबारा, कांदा भाव, बैलगाडा शर्यत. त्यांतले तीनच यूट्यूब वर काढून दाखवतं, आणि संख्या साठच्या पुढे गेली तर सगळेच्या सगळे दुर्लक्षित करतं. तेव्हा एकसष्ट हे किमान ध्येय ठेवावं. ‘ठिबक सिंचन’ मध्ये जागा सोडून लिहावं म्हणजे हॅशटॅग ‘ठिबक’वरच तुटतो. खालची रेघ देऊन जोडून लिहिणारे लोक घाईचे असतात.

दुव्यांबाबत परंपरा स्पष्ट आहे. आपल्याच चॅनेलचा दुवा द्यावा, म्हणजे चॅनेलवर असलेल्या माणसाला चॅनेलवर येता येईल. सरकारी पोर्टलऐवजी कुणाच्या तरी ‘अर्ज कसा करावा’ पानाचा दुवा द्यावा. सुरुवातीचं https:// गाळावं, म्हणजे दाबलं तरी काही उघडत नाही याची खात्री वाढते. एवढी तसदी नको असेल तर शॉर्ट्स टाकावा. तिथे ऑगस्ट 2023 अखेरपासून वर्णनातले दुवे दाबताच येत नाहीत.

संपर्कासाठी घरचा नंबर द्यावा, तोही आईच्या हातात असतो तो. वेळ लिहू नये. किती ॲसिड टाकायचं हे वर्णनात ‘अंदाजाने’ असं ठेवलं असेल, तर प्रत्येक बघणारा तेवढंच विचारायला फोन करतो आणि जनसंपर्क वाढतो.

इतकं सांगूनही काही नतद्रष्ट लोक परंपरा मोडतातच. त्यांचं पाखंड कसं दिसतं ते ओळखता यावं म्हणून नमुना देतो.

```
ड्रीप चोक झालं? ड्रीपरला पांढरे क्षार? उसाच्या
ठिबकला ॲसिड किती आणि कसं सोडायचं, मोजून दाखवलंय.

0:00 क्षार की शेवाळ, कसं ओळखायचं
1:40 बादलीत सामू तपासणे
4:10 एका सेक्शनचा हिशोब
6:30 व्हेंच्युरीतून ॲसिड सोडणे
8:50 24 तासांनी फ्लश

ठिबक सिंचन, ड्रिप, ड्रीपर साफ करणे, इनलाइन नळी,
आम्लप्रक्रिया, thibak sinchan, drip acid treatment

किसान कॉल सेंटर: 1800-180-1551 (सकाळी 6 ते रात्री 10)
ठिबक अनुदान: https://mahadbt.maharashtra.gov.in

#ठिबक_सिंचन #ऊस_ठिबक #ड्रीप_चोक
```

वेळांची यादी 0:00 पासूनच का, तर तशी नसेल तर यूट्यूब व्हिडिओचे भाग पाडत नाही. किमान तीन वेळा लागतात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा हवा. याचा तोटा असा की माणूस थेट हिशोबावर जातो आणि तुमच्या गावाच्या वेशीचं चित्रीकरण न बघता निघून जातो. आणखी एक गोम: बाहेरच्या दुव्यावर बोट चालायचं तर चॅनेलची पडताळणी करून यूट्यूबच्या प्रगत सुविधा आधी मिळवाव्या लागतात. स्वतःचा नंबर द्यायचाच तर वेगळं सिम घेतात आणि https://wa.me/ च्या पुढे 91 लिहून दहा अंक देतात; अधिकचिन्ह, शून्य, रेघ काही नाही. सोबत ‘संध्याकाळी 7 ते 8, फक्त मेसेज’. किती माणुसघाणेपणा!

सगळ्यात आक्षेपार्ह म्हणजे हे लोक यादीच्या खाली अख्खा हिशोबच लिहून टाकतात. तो साधारण असा असतो. बादलीत आपल्याच विहिरीचं 10 लिटर पाणी घ्यायचं, त्यात ॲसिड मोजून थोडं थोडं टाकायचं, सामूचा कागद 4 दाखवेल तिथे थांबायचं. समजा 12 मिली लागलं, म्हणजे लिटरला 1.2 मिली. सेक्शनमध्ये 4 लिटरचे 4000 ड्रीपर असतील तर तासाला 16,000 लिटर पाणी जातं, 15 मिनिटांत 4000 लिटर. त्याला 1.2 ने गुणलं की 4800 मिली, म्हणजे पावणेपाच लिटरच्या वर थोडं. तेवढं ॲसिड त्या 15 मिनिटांत व्हेंच्युरीतून जायला हवं. शेवटच्या ड्रीपरखाली भांडं धरून सामू 4 आला की पाणी बंद, 24 तास तसंच ठेवायचं, मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह आणि नळ्यांची टोकं उघडून सगळं धुऊन काढायचं. शेजाऱ्याचा आकडा उसना घ्यायचा नाही, कारण त्याच्या विहिरीचं पाणी वेगळं.

ही मात्रा फक्त क्षारांवर चालते. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरं, खरखरीत लागलं तर क्षार. हिरवट किंवा तांबूस, बुळबुळीत लागलं तर शेवाळ किंवा लोहाचे जिवाणू, आणि त्यांना क्लोरीन लागतं. म्हणून ‘ठिबक चोक, एकच उपाय’ हे शीर्षक कितीही चालत असलं तरी खोटं आहे.

परंपरा पाळा किंवा मोडा, दोन ओळी मात्र वर्णनात सगळ्यात वर, नमस्काराच्याही आधी लिहा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र करायची नाही, त्यातून विषारी वायू निघतो. या दोन ओळी लिहिणार नसाल तर तो व्हिडिओ टाकूच नका.